धमकीचे कॉल: पोलिसांत जाण्याआधी हे जपून ठेवा

प्रश्न: "भावाने अ‍ॅपवरून लोन घेतलंय, हप्ता थकलाय आणि रिकव्हरीवाले मला रात्री-अपरात्री फोन करून धमक्या देतायत. पोलिसांत जायचंय, पण पुरावा म्हणून काय नेऊ? नंबर ब्लॉक करून टाकू का?"

ताई, ब्लॉक नंतर करा, आधी जे आहे ते साठवा.

माझ्या मावसबहिणीला असेच फोन यायचे, पाच वेगवेगळ्या नंबरांवरून, आणि तिने वैतागून पाचही नंबर "रिकव्हरी" या एकाच नावाने सेव्ह केले. मग ढीगभर स्क्रीनशॉट काढले, पण ठाण्यात हवालदारांनी विचारलं की मारायची धमकी कुठल्या नंबरवरून आली, तर प्रत्येक स्क्रीनशॉटवर नुसतं "रिकव्हरी", नंबर कुठेच नाही. तोवर जुने कॉल लॉगमधून निघूनही गेले होते, मग घरी बसून एकेक नंबर उघडून जे उरलं होतं तेवढं जुळवत बसलो.

म्हणून नंबर सेव्ह करू नका, केला असेल तर कॉन्टॅक्ट उघडून पूर्ण नंबर दिसेल असाही एक स्क्रीनशॉट घ्या. लॉगमध्ये त्या नंबरवर दाबून डिटेल उघडा, तिथे तारीख, वेळ आणि किती मिनिटं बोलणं झालं ते येतं, ते क्रॉप न करता घ्या. ट्रूकॉलरवर दिसणारं नाव लोकांनीच टाकलेलं असतं, त्याच्या भरवशावर तक्रारीत कुणाचं नाव लिहू नका.

सोबत एक साधी वही ठेवा आणि फोन ठेवल्या ठेवल्या लिहा, म्हणजे असं: "रात्री ९.४०, नंबर अमुक, तीन मिनिटं, म्हणाला उद्या ऑफिसात येऊन तमाशा करतो." त्याचेच शब्द लिहा, शिव्या असल्या तरी. वेळ मुद्दाम लिहायची, कारण आरबीआयने ऑगस्ट २०२२ मध्येच बँका, एनबीएफसी म्हणजे कर्ज देणाऱ्या बिगर-बँक कंपन्या आणि त्यांच्या एजंटांना सांगितलंय की थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, त्यामुळे ९.४० चा नुसता आकडाही तुमच्या बाजूने बोलतो.

रेकॉर्डिंग होत नसेल तर फोन स्पीकरवर टाकून दुसऱ्या मोबाईलवर करा आणि मूळ फाईल आहे तिथेच राहू द्या. स्क्रीनशॉटची कॉपी पाठवायची झाली तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर क्वालिटी जाते. आणि हो, एवढ्यात मोबाईल रिसेट करू नका, एक्स्चेंजला तर अजिबात देऊ नका, कोर्टात गेलं तर अशा डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं आणि तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा.

मोबाईल कंपनीकडून कॉल रेकॉर्ड पोलीस मागवू शकतात, पण त्यांना नंबर आणि तारीख तुम्हीच द्यायचीय. प्रिंटचे दोन सेट न्या, एकावर पोच घ्या. पोलिसांनी फक्त एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेतली तरी तिची कॉपी घेतल्याशिवाय उठू नका, पुढचा कॉल आला की त्या एनसीचा नंबर सांगून लगेच परत जाता येतं.