फोटोतला बॉब आणि तुझ्या कपाळावरचा भोवरा

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

फोटो पोचला. हनुवटीला टेकणारा बॉब, भुवयांवर सरळ रेषेत उतरलेली दाट फ्रिंज, आणि केस इतके गुळगुळीत की माशी बसली तर घसरेल. खाली तुझा प्रश्न, "मावशी, मला शोभेल का?"

पंचवीस वर्षं कात्री चालवल्यावर मला या प्रश्नात दोन प्रश्न ऐकू येतात. हा आकार तुझ्या चेहऱ्याला शोभेल का, हा एक. तुझे केस तो आकार धरतील का, हा दुसरा. मुली पहिल्यावर महिनाभर आरशासमोर घालवतात आणि दुसरा विचारायचाच राहतो. म्हणून मी दुसऱ्यापासून सुरुवात करते.

आधी फोटोतल्या बाईच्या चेहऱ्यावर अंगठा ठेव आणि फक्त केस बघ. अजूनही तितकेच आवडतात का? माझ्याकडे फोटो घेऊन येणाऱ्या कितीतरी जणींना खरं तर तो चेहरा, ती मान किंवा तो प्रकाश हवा असायचा. त्यावर कात्रीचं काही चालत नाही. तुला केसच आवडले असतील तर आता त्यांवरची चमक नीट बघ. ती एका सलग पट्ट्यासारखी डोक्याभोवती फिरली आहे. लहरी केस आपले आपण वाळले तर अशी चमक पडत नाही, प्रत्येक वळणावर ती तुटते. टोकंही सगळी एकसारखी आत वळली आहेत, म्हणजे गोल ब्रशने ब्लो ड्राय केलंय किंवा स्ट्रेटनर फिरवलाय. यात फसवणूक काही नाही, पण हा फोटो कोणीतरी बराच वेळ खर्च केल्यानंतरच्या एका क्षणाचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी झोपून उठल्यावर ते केस कसे दिसत होते, हे त्यात नाही. मागची बाजूही दिसत नाही. तोच कट मागून आणि बाजूने दाखवणारे आणखी दोन फोटो शोध, आणि जमलं तर त्यातला एक तुझ्यासारख्या लहरी केसांच्या बाईचा असू दे. तो एक फोटो बाकीच्या दहांपेक्षा जास्त कामाचा.

आता तुझे केस. पुढच्या वेळी धुतलेस की ड्रायर नको, क्रीम नको, हातही लावू नकोस. पण त्याआधी, ओले असतानाच, कानाजवळची एक बट कंगव्याने सरळ ताण आणि पट्टीने मोज. पूर्ण वाळल्यावर तीच बट न ताणता मोज. समज, ओली असताना ती ३० सेंटिमीटर भरली आणि वाळल्यावर २५. ओला केस ताणला जातो आणि त्याची लहर सरळ होते, वाळताना लहर परत येते आणि तो वर चढतो. हा ५ सेंटिमीटरचा फरक फोटोतल्या बाईला नसेल, तिचे केस मुळातच सरळ दिसतात. तुझे केस ओले असताना हनुवटीपाशी कापले, तर वाळल्यावर ते हनुवटीवर राहणार नाहीत, गालापर्यंत वर जातील. आणि नुसते वर जाणार नाहीत, फुगतीलही. लांब केसांना त्यांचं स्वतःचं वजन खाली ओढत असतं. ते वजन कापून टाकलं की लहर मोकळी सुटते. एका लांबीत कापलेला लहरी बॉब खाली पसरून तंबूसारखा दिसतो तो यामुळेच.

यावर उपाय आहे. केस कोरडे असताना, त्यांच्या नेहमीच्या लहरीत कापायचे. किंवा ओले कापायचे असतील तर आधी ३-४ सेंटिमीटर जास्त ठेवायचे, वाळवायचे आणि मग खरी रेषा घ्यायची. टोकांचा फुगवटा थोडे लेअर देऊन कमी करता येतो. मात्र लेअर दिले की फोटोतली ती कोरीव, जाड कडा जाते. दोन्ही एकदम मिळणार नाही, आणि हे खुर्चीत बसण्याआधी ठरवलेलं बरं.

मला खरी काळजी फ्रिंजची आहे. लहानपणी तुझे केस मीच कापायचे, म्हणून आठवतं: तुझ्या कपाळावर, उजव्या बाजूला केस जिथून सुरू होतात तिथेच एक भोवरा आहे. तुझे केस लांब आहेत तोवर तो वजनाखाली दबून असतो, त्यामुळे तुला त्याची जाणीवही नसेल. फ्रिंज कापली की तो उठून बसतो. भोवरा म्हणजे मुळातूनच वेगळ्या दिशेला वाढणारे केस. कात्री टोकाला लागते, मुळाची दिशा तिने बदलत नाही. मग सरळ पडद्यासारखी फ्रिंज त्या जागी फाकते आणि आतलं कपाळ दिसतं.

याची परीक्षा फुकटात होते. पुढचे केस मुळापर्यंत भिजव, सगळे चेहऱ्यावर पुढे विंचर आणि सोडून दे. आपोआप वाळेपर्यंत हात लावू नकोस, मग आरशात बघ. केस कुठे दुभंगले, कुठल्या बाजूला गेले, मुळाशी उभे राहिले का? जिथे दुभंगले तिथेच तुझी फ्रिंजही रोज दुभंगणार.

दुभंगली तरी सगळं संपलं असं नाही. फ्रिंज थोडी मागून, म्हणजे जास्त केस घेऊन कापली तर वजनाने भोवरा बराचसा दबतो. पण तुझे केस बारीक आहेत. पुढे दाटपणा आणायला मागून जेवढे केस घेशील तेवढा वरचा भाग आणि बाजू पातळ दिसतील. दुसरा मार्ग रोजचा आहे: केस ओले असतानाच ड्रायर घेऊन मुळं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे दाबत वाळवायची. चार-पाच मिनिटांचं काम, पण अंघोळीनंतर लगेच. एकदा मुळं वाकडी वाळली की वरून कितीही ब्रश मारला तरी उपयोग नाही, परत भिजवावी लागतात. आणि घाम आला की केलेलं सगळं उलटतं. तू सकाळी दहा मिनिटं आधीही उठत नाहीस, हे तुझी आई मला दर फोनला सांगते. तिसरा मार्ग मला तुझ्यासाठी पटतो: भुवयांवरची सरळ फ्रिंज सोडायची आणि गालाच्या हाडापर्यंत येणारी, भोवरा वळतो त्याच बाजूला जाणारी लांब फ्रिंज घ्यायची. भोवऱ्याशी भांडायचं नाही, त्यालाच कामाला लावायचं.

हे मी कशी शिकले तेही सांगते. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. एक मुलगी असाच फोटो घेऊन आली. लहरी केस, आणि मी फ्रिंज ओली असताना नेमकी भुवईवर कापली. ड्रायर फिरवला तशी ती माझ्या डोळ्यांदेखत वर सरकत गेली आणि अर्ध्या कपाळावर जाऊन थांबली. जवळपास ३ सेंटिमीटर. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तिचे तीन महिने मी एका मिनिटात घालवले. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. नुसती "चालेल" म्हणाली आणि हेअरबँड लावून गेली. तेव्हापासून मी पहिली फ्रिंज नाकाच्या मध्यावर कापते, वाळवते आणि मग थोडी थोडी वर नेते.

आता चेहरा. गोल, लांबट, चौकोनी असे तक्ते बघत बसू नकोस, अर्धे चेहरे त्यातल्या कुठल्याच खणात बसत नाहीत. एवढंच बघ की केसांची रेषा कुठे संपते. टोकं जिथे संपतात तिथे एक आडवी रेघ पडते आणि नजर तिथे थांबते. फोटोतल्या बाईची हनुवटी निमुळती आहे, तिला ती रेघ शोभते. तुझा जबडा रुंद आहे, म्हणून नेमकी तिथेच रेघ आली तर तो आणखी रुंद दिसेल. वाळल्यावर जबड्याच्या ३ सेंटिमीटर खाली ठेवली तर तोच बॉब तुझा वाटेल. शिवाय तू चष्मा लावतेस, ती लावत नाही. भुवयांवरची फ्रिंज चष्म्याच्या वरच्या कडेवर टेकते, आणि डोळ्यांवर एकाखाली एक दोन जाड पट्टे दिसतात.

डोळ्यांनी खात्री करायची तर फक्त वरच्या केसांची उंच पोनी बांध, तिचं टोक कपाळावर पुढे आण आणि पिनने धर. खोटी फ्रिंज झाली. बाकीचे केस आत दुमडून मानेशी पिनांनी अडकव. हे चष्म्यासकट कर आणि दुसऱ्या कोणाला तरी दोन मीटरवरून फोटो काढायला सांग. हात लांबवून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि चेहऱ्याच्या कडा मागे गेलेल्या दिसतात, त्यावरून काही ठरवू नकोस. या खेळात आकार कळतो, केसांचं वागणं मात्र कळत नाही. ते भोवऱ्याच्या परीक्षेतच कळेल.

सलूनमध्ये जाताना केस धुतलेले, आपोआप वाळलेले आणि मोकळे असू देत, चष्मा डोळ्यांवर. तुला आवडलेले तीन फोटो, नको असलेला एक, आणि हात न लावता वाळलेल्या तुझ्या केसांचा एक. "असंच करून द्या" म्हणू नकोस. बोट ठेवून सांग: मला ही मागची उतार असलेली रेषा हवी, ही चमक नसली तरी चालेल, सकाळी मी पाच मिनिटांच्या वर देणार नाही. नको असलेला फोटो जरूर दाखव. "थोडे लेअर" म्हणजे तुझ्या मनात दोन आणि समोरच्याच्या मनात सात असू शकतात, फोटोत ते मोजता येतात. भोवरा तू स्वतः दाखव.

मग समोरचा काय करतो ते बघ. तो कोरड्या केसांत हात घालतो का, मुळं चाचपतो का, रोज केस कसे वाळवतेस हे विचारतो का? "हे तुमच्या केसांत असं नाही, असं दिसेल" असं म्हणाला तर नाराज होऊ नकोस, त्याच्याकडूनच काप. फोटोवर एक नजर टाकून "होऊन जाईल" म्हणत थेट बेसिनकडे नेणाऱ्याला मी तरी फक्त टोकं कापायला सांगेन. आणि फ्रिंज त्याच दिवशी कापलीच पाहिजे असं नाही. आधी बॉब कर, दोन आठवडे त्याच्यासोबत राहा, फ्रिंजसाठी परत जा.

रविवारी केस धुशीलच. भोवऱ्याची परीक्षा करून मला दोन फोटो पाठव, एक समोरून आणि एक उजव्या बाजूने. आणि पट्टीवरचे दोन्ही आकडे लिही, अंदाजाने नको.

तुझी,
मावशी