थांब्याचं कारण पॅनलवर घेताना

वेर्ण्याच्या ब्लिस्टर पॅकिंग लाइनसाठी मशीन थांबण्याच्या कारणांची यादी करताय, तर एका स्क्रीनवर तीस बटणं देऊ नका. घाईत ऑपरेटर सगळ्यात वरचं बटण दाबतो आणि कारणं मोठ्यापासून लहान अशी लावणाऱ्या पॅरेटो आलेखात तेच कारण पहिलं येतं. आधी मशीनचा भाग विचारा: फीडर, फॉर्मिंग, सीलिंग, कटिंग. मग त्या भागाची चार-पाच कारणं दाखवा, तीही डोळ्यांना दिसणारी: ‘फॉइल तुटली’, ‘गोळी अडकली’. ‘मेंटेनन्स’ हे कारण नव्हे, ते खातं झालं.

थांब्याची वेळ मशीन चालवणाऱ्या पीएलसी कंट्रोलरनेच मोजावी. दोन मिनिटांखालच्या थांब्यांना कारण विचारू नका, पण कोणत्या सेन्सरने मशीन थांबलं ते नोंदवा.

समजा, एका पाळीत फॉइल 3 वेळा तुटून 36 मिनिटं गेली, गोळी 14 वेळा अडकून 28 आणि ‘इतर’मध्ये 20. मिनिटांच्या पॅरेटोत फॉइल वर, वेळांच्या पॅरेटोत गोळी, दोन्ही काढाच. ‘इतर’ची 20 मिनिटं मात्र तशीच सोडू नका. पाळी संपायच्या आत ऑपरेटरला विचारून घ्या, दुसऱ्या दिवशी त्यालाही आठवत नाही. कारणाचं नाव बदललं तरी त्याचा जुना कोड दुसऱ्या कारणाला कधीच देऊ नका, नाहीतर मागच्या महिन्याशी तुलना चुकते.