वर्गातील वाढदिवस: पालकांना पाठवायच्या संदेशात काय लिहावे

प्रश्न: "मी दुसरीची वर्गशिक्षिका आहे. वाढदिवसाला गोळ्यांपासून सुरुवात होऊन आता पाउच आणि डब्यांपर्यंत मजल गेली आहे. काही पालकांना ते परवडत नाही, पण कोणी उघड बोलत नाही. कुणाला न दुखावता हे थांबवण्यासाठी पालकांना संदेश कसा लिहावा?"

मी एकोणीस वर्षे पहिली ते चौथीचे वर्ग सांभाळत आहे आणि या विषयावरचा माझा पहिला संदेश पूर्णपणे फसला होता. "खाऊ व भेटवस्तू आणणे ऐच्छिक आहे, शक्यतो साध्या वस्तू द्याव्यात," असे मी लिहिले होते. गोंधळ त्या "ऐच्छिक" आणि "शक्यतो" या दोन शब्दांतच होता. वर्गातल्या दहा मुलांनी काही वाटले की अकराव्याच्या आईसाठी ते ऐच्छिक उरत नाही, कारण मूल घरी जाऊन "मी काय वाटू?" असेच विचारते. त्या वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा आपल्या वाढदिवशी गैरहजर राहिला. मी दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा "पोट दुखत होते," असे तो म्हणाला. पुढे पालकसभेनंतर त्याच्या आईने हळूच सांगितले की बेचाळीस मुलांना द्यायचे पैसे नव्हते, म्हणून त्याला घरी ठेवले. हिशेब साधा आहे: पाच रुपयांचे चॉकलेट म्हटले तरी 42 मुलांचे 210 रुपये होतात आणि चाळीस रुपयांचा पाउच म्हटला तर 1,680. म्हणून "साधे आणा" असे न लिहिता "काहीही आणू नये" असेच लिहावे. जिथे मर्यादा आखून दिली जाते, तिथे त्या मर्यादेपर्यंत खर्च करणे हाच रिवाज होऊन बसतो.

दुसरी चूक कारण देण्यात होते. पुष्कळ शाळा "गोड पदार्थ आरोग्याला चांगले नाहीत," एवढेच कारण लिहितात. ते खरे आहे आणि सरकारी नियमही त्याच दिशेने जातात: 2017 मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूड ठेवण्यास मनाई केली आणि 2020 च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांनी शाळेच्या आवारात व त्याभोवती 50 मीटरपर्यंत अति साखर, मीठ आणि मेद असलेल्या पदार्थांच्या विक्रीवर बंधन घातले. परंतु हे नियम मुख्यतः विक्रीविषयी आहेत. घरून वाटायला आणलेल्या खाऊचा निर्णय शाळेलाच घ्यावा लागतो. शिवाय केवळ आरोग्याचे कारण दिले तर चॉकलेटच्या जागी काजू-बदामाच्या पुड्या येतात, ज्या अधिक महाग असतात आणि ज्या मुलाला सुक्या मेव्याची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याला अधिक घातकही ठरू शकतात. म्हणून पहिले कारण समानतेचे लिहावे, दुसरे सुरक्षिततेचे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. संदेशाची सुरुवात "काय करू नये" याने न होता वर्ग त्या मुलासाठी काय करणार आहे याने व्हावी. आपल्या मुलाचा दिवस कोरडा जाईल, ही भीती पालकांना असते आणि ती रास्त आहे. मी सध्या पाठवते तो मजकूर खाली देत आहे.

"सन्माननीय पालक, सस्नेह नमस्कार. आपल्या वर्गातील प्रत्येक मुलाचा वाढदिवस वर्ग साजरा करील. त्या दिवशी परिपाठानंतरची पाच मिनिटे त्या मुलाची असतील. सर्व मुले त्याला शुभेच्छा देतील, त्याच्या आवडीची कविता म्हणतील आणि वर्गाने तयार केलेले शुभेच्छापत्र त्याला देतील. सर्व मुलांचा वाढदिवस सारखाच व्हावा आणि काही मुलांना असलेल्या पथ्यामुळे किंवा ॲलर्जीमुळे कोणाला त्रास होऊ नये, यासाठी घरून काहीही पाठवू नये. गोळ्या, चॉकलेट, केक, सुका मेवा, घरी केलेला खाऊ, शालोपयोगी वस्तू किंवा अन्य भेटी मुलांसाठी अथवा शिक्षकांसाठी स्वीकारल्या जाणार नाहीत. अशी पिशवी आल्यास ती न उघडता कार्यालयात ठेवून शाळा सुटताना आपल्याकडे परत दिली जाईल. वाढदिवशीही मुलांनी नेहमीच्या गणवेशात यावे. मे महिन्यातील व शाळा सुरू होण्यापूर्वीचे जूनमधील वाढदिवस जूनच्या शेवटच्या शनिवारी, तर दिवाळीच्या सुट्टीतील वाढदिवस शाळा सुरू झाल्यावरच्या पहिल्या शनिवारी घेतले जातील. आपल्याकडे वाढदिवस साजरा करत नसल्यास किंवा घरात दुःखद प्रसंग असल्यास कृपया मला कळवावे. घरच्या समारंभाची निमंत्रणे वर्गात वाटू नयेत."

शुभेच्छापत्रासाठी मी कार्डशीटचा अर्धा तुकडा घेते. हजेरीच्या क्रमाने चार मुले त्यावर त्या मुलाविषयी एकेक वाक्य लिहितात आणि कोणी चित्र काढते. "तू मला खोडरबर देतेस," "तू झाडावर चढतोस ते मला आवडते," अशी ती वाक्ये असतात. "तू छान आहेस" हे वाक्य मी चालू देत नाही, कारण ते कोणालाही लागू पडते. ज्याच्याविषयी कोणाला काही सुचत नाही असे एखादे मूल असते, आणि ते आठवडाभर आधी लक्षात आले तर त्याला गटात काम देऊन वर्गाच्या नजरेत आणता येते.

तारखेची खात्री मात्र पालकांकडूनच करावी. आपल्याकडे प्रवेशाच्या वेळी 1 जून ही जन्मतारीख लिहून टाकण्याची पद्धत कित्येक वर्षे होती. आता जन्मदाखल्यामुळे ती बरीच मागे पडली असली तरी नोंदीतली आणि घरची तारीख वेगळी असलेली मुले अजून भेटतात.

"खाऊऐवजी वर्गाला पुस्तक भेट द्या," अशी सूचना तुम्हाला नक्की येईल. माझ्या मते ती संदेशात घेऊ नये. पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव येते, मग कोणी एक पुस्तक देतो, कोणी संच देतो, आणि ज्याने काही दिले नाही तो पुन्हा वेगळा पडतो. कोणाला मनापासून द्यायचेच असेल तर मुख्याध्यापकांकडे, वाढदिवसाचा उल्लेख न करता आणि नाव न लिहिता द्यावे. शालेय पोषण आहार असलेल्या शाळांत तिथीभोजनाची, म्हणजे एखाद्या निमित्ताने शाळेतल्या मुलांना जेवण देण्याची सोय आहे, तीही शाळेमार्फतच आणि सर्वांसाठी घ्यावी.

संदेश जूनमध्ये, वर्षातला पहिला वाढदिवस येण्यापूर्वी, मुख्याध्यापकांच्या सहीने पाठवावा. एखाद्याने महाग वस्तू वाटल्यानंतर दुसऱ्या दिवशी तो गेला तर त्या कुटुंबावरच बोट ठेवल्यासारखे होते. तुमच्याकडे वर्ष सुरू झालेले असल्यास दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस त्यातल्या त्यात बरा.

पहिली पिशवी मात्र येणारच. माझ्याकडे जुलैत एका वडिलांनी बेचाळीस पाउच मुलीच्या हाती पाठवले होते. मी तिला वर्गात काही न म्हणता "ही पिशवी आपण जपून ठेवू," असे सांगून कार्यालयात ठेवली, तिची कविता ठरल्याप्रमाणे घेतली आणि संध्याकाळी वडिलांना फाटकाशी बाजूला घेऊन पिशवी परत दिली. "एवढ्या वेळेला राहू द्या," असे ते दोनदा म्हणाले. तेव्हा राहू दिले असते तर ऑगस्टमधल्या चार वाढदिवसांना मला नाही म्हणता आले नसते. फाटकावरच्या मावशींनाही ही पद्धत आधीच सांगून ठेवावी, म्हणजे पिशवी वर्गापर्यंत येतच नाही.