जुन्या बाईकचा व्हिडिओ: काय दाखवायला सांगावं?

जुनी बाईक बघतोय, मालक दुसऱ्या गावी आहे. जायच्या आधी व्हिडिओत काय मागवू?

गार इंजिनचा पहिला स्टार्ट. आधी सायलेन्सरवर हात ठेवून दाखवायचा, मग त्याच शॉटमध्ये गाडी चालू करायची. गरम करून ठेवलेल्या गाडीची स्टार्टिंगची कुरकुर लपते, कधीकधी निळा धूरही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, इंजिनचं काम निघणार.

मग हँडलच्या मानेवरचा चेसिस नंबर जवळून, आणि व्हिडिओ न थांबवता थेट आरसी. नंबरभोवती घासल्याच्या खुणा किंवा तेवढाच ताजा रंग दिसला तर विषय सोडा.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा, बँकेच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ दाखवायला सांगा. ‘लोन केव्हाच फिटलंय हो’ यावर गाडी नावावर होत नाही.