चारशे वीस फुटांच्या पुढे

चि. लेकरा,

तुझा मेसेज वाचला. बोअर 420 फूट झाला, पाणी नाही. एजंट म्हणतोय 600 पर्यंत जाऊ, गाडी परत पाठवतो. वडील म्हणतात, आता थांबलो तर 50 हजार मातीत. आणि तू मला विचारतोस की थांबावं का.

अरे, ते 50 हजार मातीत गेलेच आहेत. थांबलास तरी गेले, 600 ला गेलास तरी गेले. ते हिशेबात घेऊच नकोस. आजपासून पुढे काय लागणार आणि काय मिळणार, तेवढंच बघ.

तू पाठवलेले दर घेऊन बसलो. 400 च्या पुढे 150 रुपये फूट, 500 च्या पुढे 180. म्हणजे 420 पासून 600 पर्यंत 80 फुटांचे 12 हजार आणि 100 फुटांचे 18 हजार. 30 हजार झाले. त्यात समजा 550 ला पाणी लागलं, तर तेवढ्या खोलीवरून उचलायला जास्त स्टेजची मोटर, जादा पाइप आणि केबल. हा खर्च एजंट सांगत नाही, कारण तो त्याच्या खिशातून जात नाही.

याच 30 हजारांत दुसरीकडे काय होईल? पहिल्या 300 फुटांचा दर 100 रुपये. केसिंगचे 5 हजार काढले तरी वेगळ्या जागी 250 फुटांचा नवा बोअर होतो. आपल्याकडे काळा खडक आहे. पाणी सापडतं ते वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात, भेगांत, जाळीदार खडकात किंवा दोन थरांच्या सांध्यात. खाली लागतच नाही असं नाही, पण खोल जावं तशा भेगा मिटत जातात. म्हणजे तू महाग फूट विकत घेतोस आणि तिथंच पाण्याची आशा कमी.

आता तू लिहिलेलं नीट वाच. 310 ला तांबडी माती आली, थोडी ओल लागली, पण पाणी वाहिलं नाही. त्यानंतर 110 फूट नुसती काळी कोरडी भुकटी उडते आहे. हे मला तुझ्या 50 हजारांपेक्षा जास्त सांगतं. शेवटच्या दहा फुटांत भुकटी बसायला लागली असती, ओले गोळे आले असते, तर मी म्हणालो असतो, अजून 30-40 फूट जा. तेव्हाही 50 हजारांसाठी नाही. 420 फुटांचं भोक तयार आहे आणि पुढचे थोडेच फूट विकत घ्यायचेत म्हणून. तयार भोकाला किंमत आहे, त्यावर झालेल्या खर्चाला नाही. हा फरक वडिलांना समजाव.

मोटरचंही तेच. 38 हजारांना आणलीस म्हणून ती 38 हजारांची नाही. दुकानदार न उघडलेली मोटर 30 हजारांत परत घेतो म्हणालास ना? मग आज ती 30 हजारांची. घरात मोटर पडून आहे म्हणून बोअर खोल करायचा, हा उलटा न्याय झाला.

मला गावात अजून टोमणे ऐकावे लागतात. मी 280 वर गाडी थांबवली आणि पुढं शेजाऱ्याला 340 ला पाणी लागलं. लागू दे! माझ्या वावरात शेवटपर्यंत कोरडी भुकटी होती, आणि त्या दिवशी माझ्यापुढं तेवढंच होतं. शेजाऱ्याचं पाणी बघून माझा निर्णय चुकीचा ठरत नाही. उरलेल्या पैशात जुन्या विहिरीचा गाळ काढला. तिच्यावर आजही दोन एकर भिजतं. खंत एकाच गोष्टीची आहे. थोरल्या भावाला मला हे पटवता आलं नाही. तो इरेला पेटला, 600 च्या पुढे गेला, आणि बोअर कोरडाच निघाला. 'एवढं केलं, आता मागं कसं फिरायचं', हेच त्याचं पालुपद होतं. तुझे वडील तेच बोलतायत, म्हणून माझा आवाज चढतोय. राग मानू नकोस.

वडिलांशी 50 हजारांवर वाद घालू नकोस, हरशील. त्यांना एवढंच विचार: 'आज हा 420 फुटांचा कोरडा बोअर कुणी फुकट दिला असता, तर त्यात खिशातले 30 हजार घातले असते का?' नाही म्हणाले तर उत्तर मिळालं. हो म्हणाले तर कशाच्या भरवशावर, ते विचार. पाणाड्याचा नारळ उभा राहिला, हे कारण मी धरत नाही.

नवा बोअर घ्यायचाच असेल तर आधी भूजल सर्वेक्षणाच्या जिल्हा कार्यालयात जा आणि आजूबाजूच्या चार-पाच बोअरना किती फुटांवर पाणी लागलं ते वहीत लिहून आण. सगळ्यांचे कोरडे असतील तर नवाही मारू नकोस. तोही हिशेब पुढचाच आहे. मोटर मात्र उद्याच परत कर, दुकानदाराचं मन फिरायच्या आत.

तुझा काका