पेटंट म्हणजे गुपित नव्हे

प्रश्न: मुलीच्या कॉलेजातल्या प्रश्नमंजूषेत विचारलं होतं, ‘ठाण्यातल्या एका गृहउद्योगाने आपल्या भाजणीला ‘उखळछाप’ नाव दिलं आणि पाकिटावर उखळाचं चित्र टाकलं. दुसऱ्या कुणी ते वापरू नये म्हणून त्यांनी काय घ्यावं?’ तिने पेटंट लिहिलं, चूक दिलं. आपण सगळे ‘नावाचं पेटंट घेतलं’ असंच म्हणतो ना? पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क यांना मराठीत वेगळे शब्द नाहीत का?

उत्तर: सगळे म्हणतात, हेच तर दुखणं आहे. मागे नौपाड्यातल्या एका प्रदर्शनात मेतकुटाच्या स्टॉलवर पाटी होती: ‘आजीची गुपित रेसिपी, पेटंट केलेली’. मी म्हटलं, काकू, यातला एक शब्द पुसा, गुपित तरी किंवा पेटंट तरी. त्यांनी चमचाभर मेतकूट माझ्या तळहातावर ठेवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. मेतकूट फर्मास होतं, पाटी मात्र शेवटच्या दिवसापर्यंत तशीच होती.

लॅटिनमध्ये ‘पातेरे’ म्हणजे उघडं असणं. मध्ययुगात इंग्लंडच्या राजाची पत्रं दोन तऱ्हेची असत. एक घडी घालून मोहोर लावलेलं. मोहोर फोडल्याशिवाय ते वाचता यायचं नाही. दुसरं उघडंच, मोहोर खाली लोंबती, ज्याच्या हाती पडेल त्याने वाचावं. हे दुसरं म्हणजे ‘लेटर्स पेटंट’, उघडी पत्रं. जमिनी, पदव्या, धंद्याचे मक्ते असल्याच पत्रांनी दिले जात. मक्त्यांचा सुळसुळाट झाला तेव्हा १६२४ च्या कायद्याने बहुतेक मोडीत काढले आणि नव्या शोधांसाठीचे तेवढे ठेवले, तेही १४ वर्षांपुरते.

आपल्याकडे याचं नेमकं उलटं टोक म्हणजे खलिता. खलिता हा मुळात कागद नव्हेच, कागद आत घालायची ती पिशवी. आत काय आहे ते बाहेरून दिसू नये, हाच तिचा उपयोग. तेव्हा पेटंट म्हणजे खलित्याबाहेर काढलेलं पत्र, एवढं मनात ठेवलं की कायदासुद्धा आपोआप कळतो. शोध कसा चालतो ते अर्जात इतकं सविस्तर लिहायचं, की त्या विषयातल्या जाणकाराला वाचून तो करता यावा. अर्ज साधारण १८ महिन्यांनी जगजाहीर होतो. त्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचा मक्ता, आणि मग शोध सगळ्यांचा. ज्याला गुपित राखायचंय त्याने या वाटेला जाऊच नये.

पाटीवाल्या काकूंवर माझा फार राग नाही म्हणा. विलायतेत ‘पेटंट औषधं’ म्हणून जी विकली जात, त्यांतल्या बहुतेकांना पेटंट नव्हतंच. घटक झाकलेले आणि नाव तेवढं राखलेलं, असा मामला. म्हणजे हा घोटाळा आपल्याकडे आयता आला. ‘त्याचा पेटंट विनोद’ याला तर माझी काहीच हरकत नाही, तो आता मराठी शब्द झालाय.

राग आहे तो परिभाषा घडवणाऱ्यांवर. पेटंटला त्यांनी ‘एकस्व’ दिला. एकट्याचं स्व. अहो, कॉपीराइट काय दोघांचं असतं? ट्रेडमार्क काय गल्लीचं असतं? तिन्हींना लागू पडणारा शब्द एकाला देऊन टाकला, आणि ‘उघडं’ हा जो पेटंटचा प्राण, तो सांडला. मी वर्षानुवर्षं ‘सनद’ सुचवतोय. राजाने दिलेलं, दाखवता येणारं, शिक्क्याचं पत्र. आणखी काय हवं? आमच्या मंडळातले एक निवृत्त प्राध्यापक म्हणतात, सनद वकिलांना मिळते, घोळ होईल. न्यायालयात रोज ‘पक्षकार’ म्हणतात, तेव्हा पक्षी आठवतात का कुणाला?

‘प्रताधिकार’ मात्र कुणीतरी जागेपणी घडवलेला शब्द. प्रत काढायचा अधिकार, बस्स. त्याला सोडून ‘स्वामित्वहक्क’ लिहिणाऱ्यांना मी खाणीवर पाठवीन, तिथे स्वामित्वधन भरावं लागतं. आणि ट्रेडमार्कला ‘व्यापारचिन्ह’ कशाला हवं होतं? आपल्या वाण्यांकडे ‘छाप’ होताच. प्रश्नकर्त्याने ‘उखळछाप’ लिहिलं आणि नकळत उत्तरच फोडलं.

आता ते पाकीट हातात घ्या. प्रश्न थोडा फिरवला की त्याच पाकिटावर तिन्ही सापडतात. समजा, त्या गृहउद्योगाच्या ताईंनी वेगवेगळी धान्यं आपापल्या आचेवर भाजून आपोआप बाहेर टाकणारी भट्टी बनवली. ती खरोखर नवी असेल आणि त्या धंद्यातल्या माणसाला सहज सुचण्यासारखी नसेल, तर पेटंट. पण अर्ज आधी. जानेवारीत प्रदर्शनात भट्टी चालवून दाखवली आणि जूनमध्ये अर्ज केला, तर नवेपणा संपला. सरकारने अधिसूचित केलेल्या मोजक्या प्रदर्शनांनाच सवलत आहे. भाजणीला स्वतःला मात्र पेटंट नाही. ती परंपरेने चालत आलेली, आणि जिन्नस एकत्र करून त्यांच्या गुणांची नुसती बेरीज होणार असेल तर कायदा त्याला शोध मानत नाही.

पाकिटात थालीपिठाच्या कृतींची घडीपत्रिका असेल तर तिच्या मजकुरावर प्रताधिकार. तो लिहिल्याक्षणी मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि लेखिकेच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो. पण तो शब्दांवर, थालीपिठावर नव्हे. शेजारणीने वाचून थालिपीठं लावली आणि विकली तरी चालेल. घडीपत्रिका छापून विकली तर नाही चालणार.

आणि नाव. इथे ‘खमंग भाजणी’ ठेवलं असतं तर नोंदणी बहुधा अडली असती, कारण खमंग हे मालाचं वर्णन आहे, ते सगळ्यांनाच म्हणायचं असतं. उखळछाप चालेल. पीठ आणि मसाले मोडतात त्या ३० क्रमांकाच्या वर्गात अर्ज करायचा, नोंदणी १० वर्षांची, पण दर १० वर्षांनी नूतनीकरण करत कितीही पिढ्या चालवता येते. पेटंट आणि प्रताधिकार कधीतरी संपतात, छाप वापरात ठेवली तर संपत नाही. अर्ज केल्यावर लगेच गोलातला आर छापणारे पुष्कळ दिसतात. तो नोंदणी झाल्यावरच, आधी छापला तर दंड. तोवर टीएम लिहावं.

प्रश्नमंजूषा जिथे थांबते तिथे एक मेख आहे. उखळाचं चित्र ऐरोलीच्या एखाद्या मुलाने ५,००० रुपये घेऊन काढून दिलं असेल आणि तो ताईंचा पगारी नोकर नसेल, तर चित्राचा प्रताधिकार त्याचाच राहू शकतो. पैसे दिले म्हणून तो हलेलच असं नाही, लेखी हस्तांतर करून घ्यावं. त्या कागदावर मुदत घातली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश घातला नाही तर फक्त भारत. म्हणजे छाप ताईंची आणि उखळ त्या मुलाचं, अशी गंमत होऊ शकते.

मुलीला गुण न देणाऱ्यांचं बरोबर आहे. फक्त त्यांना विचारा, ‘चित्रासाठी प्रताधिकार’ असं कुणी लिहिलं असतं तर अर्धा गुण दिला असता का?