वॉशिंग मशीनच्या नॉबवरील कॉटन्स, मिक्स्ड, डेलिकेट्स, क्विक, हेवी ड्यूटी यांत फरक काय?

प्रश्न: आम्ही नाशिकला नवीन ७ किलोचे फ्रंट लोड मशीन घेतले आहे. नॉबवर कॉटन्स, मिक्स्ड, डेलिकेट्स, क्विक, हेवी ड्यूटी असे लिहिले आहे. नेमका फरक काय? क्विक अर्ध्या तासात होते, मग सगळे कपडे त्यावरच लावले तर काय बिघडते?

उत्तर:

प्रत्येक नावामागे पाच गोष्टी कंपनीने आधीच ठरवून ठेवलेल्या असतात: पाणी किती तापवायचे, ड्रम किती वेळ फिरवून किती वेळ थांबवायचा, पाणी किती घ्यायचे, कपडे किती वेळा खळबळायचे आणि शेवटी किती वेगाने पिळायचे. सहावी गोष्ट नॉबवर लिहिलेली नसते, ती मॅन्युअलमधल्या तक्त्यात असते, आणि ती म्हणजे त्या प्रोग्रामला किती किलो कपडे चालतात. मी नाशिकमध्ये मशीन दुरुस्तीचे काम करतो. ‘कपडे स्वच्छ निघत नाहीत’ अशा तक्रारीसाठी गेल्यावर पुष्कळदा मशीन ठणठणीत असते आणि गडबड या सहाव्या गोष्टीत सापडते. तुमचे मशीन ७ किलोचे आहे ते फक्त कॉटन्सवर. मिक्स्डवर ते साधारण ३ ते ४ किलोचे होते आणि डेलिकेट्स व क्विकवर जेमतेम २ किलोचे. (नेमके आकडे तुमच्या मॉडेलच्या तक्त्यात पाहावेत.)

फ्रंट लोड मशीनमध्ये कपडा धुतला जातो तो मुख्यतः आपटून. ड्रमच्या आतले उंचवटे कपडे वर उचलतात आणि ते खालच्या थोड्याशा पाण्यात आदळतात. गोदावरीच्या घाटावर दगडावर कपडे आपटतात, तेच काम इथे ड्रम करतो. हे आपटणे कोणत्या कापडाला किती सोसते, यावरच ही नावे बेतलेली आहेत.

सुती धागा ओला झाल्यावर अधिक मजबूत होतो आणि उष्णताही चांगली सोसतो. म्हणून कॉटन्सवर पाणी ४० किंवा ६० अंशांपर्यंत तापते, ड्रम जास्त वेळ फिरतो, आणि सुती कापड पाणी धरून ठेवत असल्याने पिळण्याचा वेगही मिनिटाला १००० ते १४०० फेरे असा सर्वांत जास्त असतो. टॉवेल, चादरी, बनियन, सुती सदरे यांची जागा इथेच. मात्र नवी, रंग सोडणारी सुती साडी किंवा कुर्ता ६० अंशांवर घालू नये. त्यासाठी प्रोग्राम तोच ठेवून तापमान तेवढे बटणाने कमी करता येते.

मिक्स्ड म्हणजे हाताला येतील ते सगळे कपडे एकत्र, असा अर्थ अनेकजण घेतात. प्रत्यक्षात तो सुती आणि पॉलिस्टर एकत्र धुण्यासाठी असतो, आणि पांढरे व रंगीत कपडे इथेही वेगळेच ठेवावे लागतात. पॉलिस्टर गरम पाण्यात मऊ पडते, आणि त्याच अवस्थेत ड्रममध्ये दाबले गेले तर पडलेल्या सुरकुत्या इस्त्रीनेही लवकर जात नाहीत. त्यामुळे या प्रोग्रामवर उष्णता बेताची, पिळणे सौम्य आणि ड्रम साधारण अर्धाच भरलेला असावा लागतो. मुलांचे टेरिकॉटचे गणवेश यावर उत्तम निघतात.

डेलिकेट्सवर पाणी जास्त घेतले जाते आणि ड्रम थोडा फिरून बराच वेळ थांबतो, म्हणजे कपडे आपटण्याऐवजी पाण्यात हेलकावे खातात. रेयॉनच्या कुर्त्या इथे घालाव्यात, कारण रेयॉन सुताच्या अगदी उलट, ओले असताना कमकुवत होते. शिफॉनची ओढणी जाळीच्या पिशवीत घालावी. येवल्याची पैठणी मात्र या नावावर विसंबून मशीनमध्ये टाकू नये. रेशीम आणि जर दोन्हींसाठी ड्राय क्लीनच योग्य.

हेवी ड्यूटी हे जाड कपड्यांसाठी नसून अतिशय मळलेल्या कपड्यांसाठी आहे. रजई त्यावर लावली तर ती पाणी पिऊन एका बाजूला गोळा होते आणि मशीन पिळताना हादरू लागते किंवा पिळायचेच थांबते. या प्रोग्रामचा खरा उपयोग आपल्या भागात द्राक्षबागेतल्या कपड्यांना होतो. निफाड किंवा दिंडोरीच्या बागेत फवारणी करताना घातलेले कपडे घरच्या कपड्यांत कधीही मिसळू नयेत. ते वेगळे, मोजके, ६० अंशांवर, जादा खळबळण्याचे बटण दाबून धुवावेत आणि नंतर मशीन एकदा रिकामे चालवावे. औषध पाण्यात न मिसळता तसेच अंगावर सांडून कपडा भिजला असेल, तर तो धुण्याच्या भानगडीत न पडता टाकून द्यावा. आणखी एक: रक्ताचा डाग असलेला कपडा थेट गरम पाण्यात गेला तर डाग पक्का बसतो, म्हणून तो आधी थंड पाण्यात धुऊन घ्यावा.

आता क्विक. अर्ध्या तासात पाणी नीट तापायला आणि पावडरीतल्या घटकांना मळ सोडवायला वेळच मिळत नाही, आणि खळबळणेही कमी वेळा होते. एकदा घातलेले, घामाने थोडे ओलसर झालेले चार-पाच सदरे त्यावर छान निघतात, पण तेही नेहमीच्या निम्मी पावडर घालून. भरलेल्या ड्रमला क्विक लावल्यास काय होते, ते दोन ठिकाणी दिसते. काळ्या जीन्सच्या शिवणीवर पांढरे पट्टे राहतात, कारण साबण पुरता निघालेला नसतो. आणि वाळलेला टॉवेल पुन्हा ओला झाला की त्याला कुबट वास येतो, कारण मळ आणि तेलकटपणा आतच राहिलेला असतो. ज्या सोसायट्यांत बोअरचे जड पाणी येते, तिथे हे अधिक लवकर जाणवते.

चार माणसांच्या घरातला रविवारचा ढीग घेऊ. चार टॉवेल सुमारे २ किलो, डबल बेडची चादर आणि अभ्रे सव्वा किलो, सुती सदरे व बनियन दीड-दोन किलो, असे जवळपास ५ किलो कॉटन्सवर एकाच वेळी जातात. आकडेमोड इथेच संपते, कारण ड्रममध्ये वरच्या बाजूला तळहात आडवा घालता येईल एवढी जागा राहिली, की भार बरोबर आहे असे समजावे. गणवेश, लेगिंग्ज आणि पॉलिस्टरचे टी-शर्ट मिळून ३ किलोंच्या आसपास भरतात; ते मिक्स्डवर. दोन रेयॉनच्या कुर्त्या आणि ओढणी डेलिकेट्सवर, किंवा एवढ्यासाठी मशीन नको असेल तर हाताने. हाच सगळा ढीग क्विकवर लावायचा तर २-२ किलोंच्या चार-पाच फेऱ्या होतात, म्हणजे वेळही वाचत नाही.

शिवाय सतत थंड, झटपट धुलाई केल्यास साबणाचा चिकट थर ड्रमच्या मागे आणि दाराच्या रबरावर साचतो. रबराची घडी बोटाने उघडून पाहा; आत काळे ठिपके दिसू लागले असतील, तर महिन्यातून एकदा रिकामे मशीन ६० अंशांच्या कॉटन्सवर किंवा ड्रम क्लीनवर चालवा आणि धुणे झाल्यावर दार थोडा वेळ उघडे ठेवा.